एकही ओळ न हललेलं पुस्तक

माझ्या वडिलांचं पुस्तक बुडालं ते एका अतिशय सुंदर फाइलमुळे. हे वाक्य मी कुणाला सांगितलं की ऐकणारा हसतो. मला अजून हसू आलेलं नाही.

अण्णा नाशिकच्या एका पॉलिटेक्निकमध्ये शिकवायचे. आमच्या घराण्यात त्यांच्या आधी सगळ्यांनी भाजी आणि फुलंच पिकवली. चुलते अजूनही पहाटे टेम्पोत झेंडूचे क्रेट भरून मार्केटला जायचे. अण्णा एकटे शिकले, आणि शिकून वर पुस्तक लिहिलं. इंग्रजीतून, लेथ, वेल्डिंग, ओतकाम असल्या वर्कशॉपच्या विषयांवर. डिप्लोमाला बसणारी मुलं ते वाचायची. पुण्याच्या एका प्रकाशकाने नव्वदच्या आसपास ते छापलं होतं, तेव्हाच्या पद्धतीने, म्हणजे मागे कॉम्प्युटरवर काही राहिलं नाही. राहिली ती फक्त छापलेली प्रत. अण्णांची स्वतःची प्रत कपाटात देवाच्या पोथ्यांशेजारी असायची आणि तिला हात लावायच्या आधी हात धुवावे लागायचे.

दोन हजार सालानंतर काही वर्षांनी डिप्लोमाचा अभ्यासक्रम बदलला. प्रकाशकाचं पत्र आलं की नवी आवृत्ती काढू, पण जूनच्या आत सुधारलेला मजकूर फाइलमध्ये द्या, नाहीतर हा विषय दुसऱ्या लेखकाकडे द्यावा लागेल. त्यात वावगं काही नव्हतं. कॉलेजं जूनमध्ये उघडतात आणि मुलं पहिल्या आठवड्यात जे पुस्तक मिळेल ते घेतात. एकदा दुसरं पुस्तक वर्गात रुळलं की आधीचं रद्दीत जातं. अण्णा तेव्हा निवृत्तीला आले होते. दुसरं पुस्तक लिहिण्याएवढा दम आपल्यात उरला नाही हे ते स्वतःच म्हणायचे. म्हणजे हेच एक पुस्तक होतं, आणि जून ही त्याची हद्द होती.

बदल तसे मोठे नव्हते, पण सगळीकडे होते. तिसऱ्या प्रकरणातला एक भाग सातव्यात न्यायचा, दोन प्रकरणं एकत्र करायची, उपशीर्षकांचे नंबर बदलायचे, मध्ये मध्ये चार-सहा नवे परिच्छेद घालायचे. म्हणजे आधी छापील पानं स्कॅन करायची, त्या चित्रांतली अक्षरं कॉम्प्युटरला ओळखायला लावायची आणि जो मजकूर निघेल तो असा ठेवायचा की शीर्षक शीर्षकासारखं वागेल आणि परिच्छेद परिच्छेदासारखा. हे काम मला येत होतं. मी कॉलेज रोडवरच्या एका कंपनीत दिवसभर दुसरं काहीच करत नव्हते. परदेशातली जुनी मासिकं स्कॅन होऊन यायची आणि आम्ही पंधरा-वीस मुली त्यांचा मजकूर करून पाठवायचो.

पण काम माझ्याकडे आलं नाही. ते दाजींकडे गेलं.

दाजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान. मूळचे सिन्नरचे, नाशकातल्याच द्वारका चौकाजवळ त्यांचं डीटीपी सेंटर. लग्नपत्रिका, बिलबुकं, गणेश मंडळांच्या पावत्या, वाढदिवसाचे बॅनर. माणूस कामसू होता, हे मी आजही नाकारत नाही. स्कॅनर त्यांच्याकडे होता आणि पुस्तकाची पानं लावणं हे त्यांचंच काम. "घरात एवढा माणूस असताना बाहेर कशाला?" असं अण्णा म्हणाले. मी घरातच बसले होते, पण ते घर माझं धरायचं नसतं, कारण मी लग्नाची मुलगी.

आणखीही एक गोष्ट होती. ताईच्या पहिल्या दिवाळसणाला दाजींनी आपल्या सेंटरची नवी जाहिरात दाखवायला आणली होती. इंग्रजीत होती. अण्णांनी जन्मभराच्या सवयीने खिशातलं लाल पेन काढलं आणि पाहुण्यांदेखत तीन चुकांना गोल केले. दाजी हसले, पानावर बसले, लाडू न मोडता उठले आणि ताईला घेऊन रात्रीच्या मुक्कामाआधीच निघाले. संक्रांतीपर्यंत तिला माहेरी धाडलं नाही. जामाता दशमो ग्रहः म्हणतात ते उगीच नाही. बाकीच्या नऊ ग्रहांची शांती तरी करता येते. तेव्हापासून दाजी घरात आले की अण्णांचं लाल पेन आतल्या खोलीत जायचं.

फेब्रुवारीत पुस्तक गेलं आणि मार्चमध्ये सीडी आली. दाजी स्वतः घेऊन आले, पेढे घेऊन. आईने चहा टाकला. अण्णांच्या खोलीतला कॉम्प्युटर लावला आणि आम्ही सगळे मागे उभे राहिलो.

पडद्यावर पुस्तक उघडलं. खरोखर उघडलं. तीच पानं, तेच समास, वरती तेच पुस्तकाचं नाव, कोपऱ्यात तोच पानाचा आकडा, लेथच्या आकृतीच्या शेजारून वळून खाली येणारा तोच मजकूर. अण्णांनी कपाटातली प्रत आणून शेजारी धरली. ओळ संपायची तिथेच संपत होती.

"काय म्हणता अण्णा?" दाजी म्हणाले. "एक ओळ हलली नाय."

अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. "अगदी छापल्यासारखं," ते म्हणाले. "जावईबापू, तुम्ही कमाल केलीत." आईने दृष्ट काढायचीच बाकी ठेवली होती.

मी मागून बघत होते. आमच्या कंपनीत पहिल्या दिवशी शिकवायचे की पान कसं दिसतं ते बघू नका. वर एक बटण असतं, ते दाबलं की एन्टर कुठे मारलाय, शीर्षक कोणतं, चौकटी कुठे, हे सगळं उघडं पडतं. ते बघा. दाजी गेल्यावर मी ते बटण दाबलं. जे नको ते सगळं होतं. अक्षरं ओळखणाऱ्या त्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल साठवताना विचारतात की पान हुबेहूब ठेवू का मजकूर सलग करू. दाजींनी हुबेहूब निवडलं होतं. तसं निवडलं की सॉफ्टवेअर प्रत्येक परिच्छेद एका वेगळ्या चौकटीत कोंबतं आणि ती चौकट पानावर खिळा मारल्यासारखी बसवतं. प्रत्येक ओळीच्या शेवटी एन्टर. ओळीच्या शेवटी तुटलेले शब्द तसेच तुटलेले. पान संपलं की परिच्छेद मध्येच कापलेला. पुस्तकाचं नाव आणि पानाचे आकडे मजकुरात मिसळलेले. शीर्षकं म्हणजे नुसती ठळक, मोठी अक्षरं. कॉम्प्युटरच्या लेखी ती शीर्षकं नव्हतीच. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

दुसऱ्या दिवशी अण्णा कामाला बसले. चौथ्या प्रकरणात दोन ओळी वाढवायच्या होत्या. त्यांनी त्या घातल्या, तर चौकटीतल्या खालच्या दोन ओळी गडप झाल्या. चौकट ओढून मोठी केली, तर ती खालच्या चौकटीवर जाऊन बसली आणि मजकुरावर मजकूर आला. अण्णांना वाटलं आपलंच काही चुकलं. त्यांनी फाइल बंद करून पुन्हा उघडली. पुन्हा तेच. तिसऱ्या प्रकरणातला तो भाग सातव्यात न्यायला गेले, तर काही चौकटी गेल्या आणि काही मागेच राहिल्या. आकृती एकीकडे, तिचं नाव दुसरीकडे.

"मला जमत नाही गं," ते जेवताना आईला म्हणाले.

मी म्हटलं, "तुम्हाला नाही, कुणालाच जमणार नाही. ही फाइल बघायची आहे, वापरायची नाही."

"हळू बोल," अण्णा म्हणाले. घरात चौथं माणूस नव्हतं. तरी हळू बोल.

मी सुट्टीच्या दिवशी द्वारकेला गेले. दाजींच्या दुकानात लग्नसराईची गर्दी होती. मी थांबले, चहा घेतला, भाच्याची चौकशी केली, आणि मग जितकं गोड बोलता येतं तितकं गोड बोलून म्हटलं, "दाजी, अण्णांची फाइल सलग मजकुराची करून द्याल का? स्कॅन तुमच्याकडे आहेच. फक्त साठवताना दुसरा पर्याय निवडायचा. शीर्षकं मी लावून घेईन."

"का? काय झालं फाइलला?"

मी त्यांच्याच मशीनवर ती उघडली, सगळा मजकूर निवडला आणि अक्षरं दोन घरं मोठी केली. प्रत्येक चौकटीतला खालचा मजकूर कापला गेला. मला वाटलं आता कळेल.

"पण मोठी करायची कशाला?" दाजी म्हणाले. "पुस्तकात होती तेवढीच ठेवायची ना. प्रिंट काढून देऊ का? प्रिंट बघ ना तू."

"अण्णांना बदल करायचेत त्यात."

"मग करा ना. मी काय कुलूप लावलंय का?" ते काउंटरवरच्या गिऱ्हाइकाकडे वळून हसले. "आमच्या मेव्हणीबाई. कंपनीत हायेत कॉम्प्युटरच्या. आता आमच्या कामात चुका काढायला लागल्या."

मी घरी पोचायच्या आत फोन पोचला होता. ताईचा नव्हता, तिच्या सासूबाईंचा. त्या आईला म्हणाल्या की आमच्या मुलाने महिनाभर दुकानातलं काम बाजूला ठेवून फुकट करून दिलं, आणि तुमची धाकटी चारचौघांत शोभा करून गेली. आईने माफी मागितली. मग अण्णांनी मागितली, स्वतः फोन घेऊन. पन्नाशीत असताना वर्कशॉपमध्ये चुकीचं माप घेतलं म्हणून मुलांना उन्हात उभं करणारा माणूस फोनच्या तारेशी चाळा करत म्हणत होता, "नाही नाही, काम उत्कृष्टच आहे."

फोन ठेवून ते मला म्हणाले, "परत त्या दुकानात जायचं नाही."

मग मी गेले नाही. पण मला स्वस्थही बसवेना. आमच्या कंपनीतल्या वरिष्ठ बाईंना विचारून मी जेवणाच्या सुट्टीत तिथल्या स्कॅनरवर पुस्तकाचं चौथं प्रकरण नव्याने स्कॅन केलं. पान सपाट दाबून, म्हणजे शिवणीजवळची सावली अक्षरांवर पडत नाही. वरचं नाव आणि आकडे वगळले, दोन रकान्यांची जी पानं होती तिथे आधी डावा मग उजवा असा क्रम लावून दिला, मजकूर सलग काढला. तुटलेले शब्द जोडले. पानाच्या कडेला कापलेले परिच्छेद जोडले. छापील प्रत समोर ठेवून ओळीमागून ओळ तपासली, कारण ते सॉफ्टवेअर एकाचा आकडा आणि इंग्रजी एल यांत सर्रास गफलत करतं, आणि अण्णांच्या पुस्तकात मापंच मापं. मग प्रकरणाच्या नावाला पहिल्या पायरीचं शीर्षक, भागाला दुसऱ्या, उपभागाला तिसऱ्या, अशी नेमून दिली. दिसायला ते प्रकरण अगदीच साधं झालं. शाळेच्या प्रश्नपत्रिकेसारखं.

एका रविवारी सकाळी अण्णांना शेजारी बसवलं. म्हटलं, घाला दोन ओळी. त्यांनी घातल्या. खालचा सगळा मजकूर निमूट खाली सरकला. म्हटलं, हा भाग वर न्यायचाय ना? फक्त त्याच्या शीर्षकाला धरा. मी रूपरेषेच्या खिडकीत, म्हणजे नुसती शीर्षकं दिसतात तिथे, शीर्षक धरून वर ओढलं आणि त्याच्यामागे त्याचे सगळे परिच्छेद, उपशीर्षकं, सगळं गेलं. नंबर आपोआप बदलले. शेवटी एक आज्ञा दिली आणि प्रकरणाची अनुक्रमणिका तयार होऊन समोर आली.

अण्णांनी मला ते तीनदा करायला लावलं. मग स्वतः केलं. माणसाचा चेहरा इतका खुललेला मी ताईच्या निकालानंतर पाहिला नव्हता. "सगळं पुस्तक असं होईल?"

"दीड-दोन महिन्यांत. मेअखेर तुमच्या हातात. बदल तुम्ही आत्तापासून करत राहा."

त्यांनी अनुक्रमणिका वरपासून खालपर्यंत वाचली. मग म्हणाले, "पण शेवटी पानं लावायला फाइल जावईबापूंकडेच जाणार. मी प्रकाशकांना तसं कळवलंय."

"जाऊ दे की."

"ते उघडतील आणि त्यांना दिसेल, ही आपली फाइल नाही."

"दिसू दे."

"तुला काय जातंय बोलायला. तिला तिथे राहायचंय."

मी भांडले. मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, पण त्यातलं एकही अक्षर मागे घेणार नाही. आई मध्ये पडली, ती अर्थातच त्यांच्या बाजूने. ताईला तेव्हा दुसऱ्यांदा दिवस गेले होते आणि अशा दिवसांत तिच्या घरी मिठाचा खडा टाकायचा नाही, असं आईचं म्हणणं. अण्णांनी माझं प्रकरण कॉम्प्युटरवरून काढून टाकलं. माझ्यादेखत. काढताना त्यांना बरं वाटत नव्हतं हे दिसत होतं, आणि त्यामुळे मला जास्त राग आला.

त्यानंतर जूनपर्यंत मी जे बघितलं ते कुणी बघू नये. अण्णा कॉलेजहून आले की कॉम्प्युटरसमोर बसायचे. चौकटीच्या आत कर्सर, ओळीच्या शेवटी, एन्टर पुसायचा, जागा टाकायची. पुढची ओळ. पुन्हा एन्टर पुसायचा. सबंध परिच्छेद झाला की तो उचलून बाहेर कोऱ्या फाइलमध्ये. शीर्षकं हाताने ठळक करायची. नंबर हाताने लिहायचे आणि एक भाग हलला की पुढचे सगळे पुन्हा लिहायचे. एकदा तर बाहेर काढलेल्या मजकुरात दोन परिच्छेद राहूनच गेले होते आणि ते त्यांना पुढच्या प्रकरणाला पोचल्यावर कळलं. मी सुट्टीच्या दिवशी मदतीला बसले तर म्हणायचे, "तू ऊठ, तुझी ती पद्धत इथे नको." म्हणजे जावयाची फाइल जावयासारखीच दिसायला हवी. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो हा. फरक एवढाच की तोंडही आम्हीच दाबलं होतं.

दर पंधरवड्याला दाजी यायचे, चहा घ्यायचे आणि विचारायचे, "मग, कुठवर आलं अण्णा?" अण्णा म्हणायचे, "माझाच वेग कमी पडतो हो."

जून आला तेव्हा अण्णा सहाव्या प्रकरणात होते. प्रकरणं बारा. त्यांनी प्रकाशकांकडे मुदत मागितली. प्रकाशकांनी पंधरा दिवस दिले, मग नम्र शब्दांत कळवलं की विषय दुसऱ्या लेखकाकडे गेला आहे आणि त्यांचं पुस्तक छपाईला तयार आहे. जुलैत अण्णांच्याच वर्गातली मुलं नव्या निळ्या वेष्टणाचं पुस्तक बाकावर ठेवून बसली. अण्णांनी ते वर्षभर शिकवलं. त्यात वेल्डिंगच्या प्रकरणात दोन चुका आहेत असं ते म्हणायचे. त्या चुकांवर त्यांनी लाल पेनाने गोल केले. तेवढंच पेन त्यांना चालवायला मिळालं.

पुढच्या वर्षी अण्णा निवृत्त झाले. कॉलेजातला समारंभ झाला, मग घरच्यांसाठी आमच्या अंगणात जेवण. चुलते, मामा, शेजारी, दाजींकडची मंडळी. कुणीतरी दाजींना म्हटलं, चार शब्द बोला. दाजी उठले. चांगलं बोलले. अण्णांची शिस्त, अण्णांचा साधेपणा. आणि मग हसत हसत म्हणाले, "आम्ही तर अण्णांचं अख्खं पुस्तक हुबेहूब कॉम्प्युटरात घालून दिलं होतं. एक ओळ हलली नव्हती. पण काय करता, जुन्या पिढीला कॉम्प्युटर काय जमला नाय!"

सगळे हसले. अण्णाही हसले. वर हात जोडून म्हणाले, "खरं आहे, खरं आहे."

मी पानं वाढत होते. कोशिंबिरीचं पातेलं तिथेच ठेवून मी स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याशी उभी राहून रडायला लागले, रागाने. ताई बाळाला कडेवर घेऊन आत आली. काय झालं विचारलं. आणि मी सांगितलं. फाइलबद्दल, दुकानाबद्दल, सासूबाईंच्या फोनबद्दल, मी केलेल्या प्रकरणाबद्दल, अण्णांनी ते का काढून टाकलं त्याबद्दल. सगळं. ताईला यातलं काहीही माहीत नव्हतं. तिला इतकंच सांगितलं गेलं होतं की अण्णांना वेळ मिळाला नाही.

तिने बाळ माझ्याकडे दिलं आणि आतल्या खोलीत गेली. पंगत उठली होती आणि अण्णा टोपी काढून खाटेवर जरा टेकले होते. मी दारात उभी राहिले.

"माझ्यामुळे तुम्ही पुस्तक सोडलंत?" ती म्हणाली.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मग तिला म्हणाले, "तुला त्रास झाला असता."

"त्रास? ते रुसले असते, अण्णा. दर महिन्याला रुसतात. दोन दिवस जेवत नाहीत, तिसऱ्या दिवशी आपण होऊन ताट मागतात. मी रोज राहते त्यांच्याबरोबर. मला एकदा विचारलं असतंत तर मीच त्यांना बसवून ती फाइल बदलून घेतली असती."

"संक्रांतीपर्यंत तुला..."

"तेव्हा मी नवी नवरी होते. आता घर माझ्या जिवावर चालतं." ती खाटेजवळ आली. "तुमचं आयुष्याचं पुस्तक माझ्या नावावर बुडवलंत आणि मला सांगितलंसुद्धा नाहीत. आता हे मी जन्मभर घेऊन फिरू?"

अण्णांनी शेजारची टोपी उचलून मांडीवर ठेवली.  मला त्यांची दया यायला हवी होती, पण मला तेव्हा ताईचीच दया येत होती.

बाहेरून दाजींनी हाक मारली, "निघायचं का?"

ताई जागची हलली नाही. अण्णा उठले, टोपी घातली, बाहेर आले आणि नेहमीसारखे जावईबापूंना पोचवायला फाटकापर्यंत गेले.